काही विचारायचंय का?

श्यामलाताईंच्या ऑफिसात मुलाखतीचा शेवट ठरलेला होता. अभय सर खुर्चीत जरा मागे रेलायचे, पेनाला टोपण लावायचे आणि समोरच्या पोराला किंवा पोरीला विचारायचे, "काही विचारायचंय का?" समोरून "नाही सर" आलं की ते खूश व्हायचे. ज्याला खरोखरच काही विचारायचं असायचं, त्याचं सगळं ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "छान. आम्ही कळवू." पुढे त्याला कोणी काही कळवायचं नाही. हे न कळवण्याचं काम श्यामलाताईंकडे होतं आणि बरीच वर्षं त्या ते चोख करत आल्या होत्या.

ऑफिस म्हणजे शनिवार पेठेत दुसऱ्या मजल्यावर असलेला अभय सरांचा इंटिरियर डिझाइनचा स्टुडिओ. खाली झेरॉक्सचं दुकान, वर काचेचं दार आणि आत पगारी माणसं मोजकी, बिनपगारी मात्र भरपूर. कॉलेजची इंटर्नशिप करायला येणारी ही मुलं. एक तुकडी गेली की दुसरी यायची. श्यामलाताईंना एचआर म्हणा, अ‍ॅडमिन म्हणा, नाहीतर चहावाल्याला फोन करणारी बाई म्हणा. पगारी लोकांची नेमणुकीची पत्रं त्या टाइप करायच्या आणि इंटर्नना जाणारा मेलही त्यांनीच घडवलेला होता.

त्या मेलमध्ये चारच ओळी होत्या. कामाच्या वेळा लवचिक राहतील. मानधन व खर्चाचा विचार कामगिरीनुसार होईल. शिकण्याची भरपूर संधी मिळेल. प्रमाणपत्र यशस्वी पूर्ततेनंतर देण्यात येईल. श्यामलाताईंनी या ओळी इतक्या घासूनपुसून गुळगुळीत केल्या होत्या की उद्या कोणी भांडायला आलाच, तर त्याला धरायला कुठे कोपरा सापडू नये. वेळ लवचिक, म्हणजे यायची ठरलेली आणि जायची नाही. खर्चाचा विचार व्हायचा, खर्च मात्र मिळायचा नाही. शिकण्याची संधी म्हणजे टाइल्सचे नमुने आणायला भवानी पेठेत जाणं. आणि पूर्तता यशस्वी झाली की नाही हे सर ठरवणार.

सर वाईट होते असं नाही. ते स्वतः कोणाकडे तरी तीन वर्षं फुकट राबून शिकले होते आणि तो त्यांच्या आयुष्यातला मोठा अभिमान होता. "मी कधी विचारलं नाही, किती मिळणार," ते सांगायचे. आपण सोसलं ते दुसऱ्यालाही सोसायला लावणं याला ते संस्कार म्हणायचे. अशी माणसं पुण्यात पैशाला पासरी सापडतात.

सध्या जिन्यात तेजस बसत होता. हा मुलगा थंडीपासून स्टुडिओत होता. स्वतःच्या गाडीवर, स्वतःचं पेट्रोल घालून वाघोलीच्या साइटवर रोज जाऊन आला होता. कॉलेजची परीक्षा आली म्हणून ठरल्यापेक्षा थोडं आधी थांबला आणि तिथेच चुकला. सर म्हणाले, "पूर्तता झाली नाही. बघू नंतर." त्याच्या कॉलेजला प्रमाणपत्र हवं होतं. तो दर दोन-तीन दिवसांनी यायचा, जिन्यात बसायचा. श्यामलाताई दार किलकिलं करून सांगायच्या, "सर बाहेर आहेत रे." आत सर कॉफी पीत असायचे. तेजसला ते ठाऊक असावं, पण तो "ठीक आहे ताई" म्हणून उठायचा. त्याच्या त्या 'ठीक आहे'चा श्यामलाताईंना हल्ली फार कंटाळा येऊ लागला होता.

एकदा त्या अशाच त्याला वाटेला लावून खडकीला घरी आल्या. त्यांचे यजमान दारूगोळा कारखान्यात होते आणि घर कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये. दार उघडंच होतं आणि ओवी, त्यांची मुलगी, सोफ्यावर बूट न काढता बसली होती. ती इंटिरियर डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला होती. आईच्या ऑफिसातले रंगांचे कॅटलॉग बघतच ती मोठी झाली होती, त्यामुळे हा कोर्स तिने का घेतला हे कोणी विचारायची गरज नव्हती.

"कॉलेजने परत दिलं," ती म्हणाली.

तिने कागद पुढे केला. कोरेगाव पार्कातल्या एका झकपक स्टुडिओत ती अडीच महिने राबली होती. सकाळी साडेनऊला जायची ती रात्री जेवण निवल्यावर यायची. लॅपटॉप स्वतःचा, प्रिंटचे पैसे स्वतःचे. त्या स्टुडिओने शेवटी जाड गुळगुळीत कागदावर सोनेरी किनारीचं पत्र दिलं होतं. 'कु. ओवी यांनी आमच्या स्टुडिओस भेट देऊन आमच्या कार्यपद्धतीचा अनुभव घेतला. त्यांना उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा.'

"कॉलेजच्या मॅडम म्हणाल्या, हे शुभेच्छापत्र आहे. यात तारीख नाही, तास नाहीत, काय काम केलं ते नाही, कोणाच्या हाताखाली केलं ते नाही. माझ्या लॉगबुकवरही त्यांनी सह्या केल्या नाहीत, नंतर करू म्हणाले. आता फोन उचलत नाहीत." ओवीचा आवाज थकलेला होता. रडायचं ते ती बहुधा बसमध्येच उरकून आली होती. "परीक्षेआधी सगळे तास परत भरून, नीट प्रमाणपत्र आणायचं. नाहीतर हे वर्ष गेलं. उद्या कोथरूडच्या एका स्टुडिओत मुलाखत मागून घेतलीय."

श्यामलाताईंनी पत्र दोनदा वाचलं. 'भेट देऊन' या शब्दांवर त्यांची नजर अडकली. तास लिहिले की उद्या कोणी म्हणेल मी तुमचा कामगार होतो, म्हणून तास लिहायचे नाहीत, ही युक्ती सरांना त्यांच्या सीएने शिकवली होती. सरांनी ती श्यामलाताईंना सांगितली आणि 'भेट देऊन' हे शब्द श्यामलाताईंनीच सुचवले होते. ती युक्ती आता नदी ओलांडून कोरेगाव पार्कात पोचली होती की तिकडूनच इकडे आली होती, देव जाणे.

"तू जायच्या आधी विचारलं नव्हतंस का त्यांना? प्रमाणपत्रात काय लिहिणार ते?"

"कसं विचारणार? तूच तर लहानपणापासून सांगतेस, मोठ्यांसमोर फार प्रश्न विचारू नयेत. बरं दिसत नाही."

भीड ही भिकेची बहीण, असं श्यामलाताईंची आई म्हणायची. पण ती म्हण त्यांनी लेकीपर्यंत पोचवलीच नव्हती. लेकीपर्यंत पोचलं ते 'बरं दिसत नाही'.

रात्री जेवणं झाल्यावर त्या म्हणाल्या, "उद्या कोथरूडला मुलाखत आहे ना? बस इथे. मी मालक. विचार मला."

ओवीला आधी हसू आलं, मग ती समोर खुर्ची ओढून बसली. "सर, कामाची वेळ काय असेल?"

"आपल्याकडे असं घड्याळ बघून काम नसतं. क्रिएटिव्ह फील्ड आहे," श्यामलाताई म्हणाल्या. मग आईच्या आवाजात सांगितलं, "असं म्हणाले तर ऐकून घ्यायचं नाही. नेहमीच्या दिवशी किती वाजता निघता येईल, शनिवार-रविवार यायचं का, कॉलेजच्या लेक्चरला आणि परीक्षेला सुट्टी मिळेल का, हे वेगवेगळं विचारायचं. पुढचा."

"साइटवर जायचा खर्च?"

"अगं, मिळून जाईल तो. आपण घरच्यासारखे आहोत." पुन्हा आवाज बदलला. "घरच्यासारखे म्हणाले की सावध व्हायचं. पेट्रोल, बसभाडं, प्रिंट कोण देणार, बिल दाखवल्यावर किती दिवसांत देणार. लॅपटॉप तुझा असेल तर सॉफ्टवेअर कोणाचं. आणि कोणी उलट तुझ्याकडेच ट्रेनिंगची फी नाहीतर अनामत मागितली, तर उठून यायचं."

"मला शिकवणार कोण?"

"इथे सगळेच शिकवतात. डोळे उघडे ठेवले की माणूस शिकतो."

"म्हणजे कोणीच नाही," ओवी स्वतःच म्हणाली.

"हो. एका माणसाचं नाव विचारायचं. पहिल्या महिन्यात माझ्याकडे कोणतं काम असेल ते विचारायचं. आणि तू काढलेली ड्रॉइंग्ज तुझ्या पोर्टफोलिओत दाखवता येतील का, तेही."

"आणि प्रमाणपत्र?"

"ते काय पळून जातंय? आधी काम तर कर. तुझं काम बोलेल." श्यामलाताई हे अगदी गोड हसून म्हणाल्या. मग पुन्हा आईच्या आवाजात त्या सांगत राहिल्या. लेटरहेडवर, कधीपासून कधीपर्यंत, एकूण तास, कामाचं स्वरूप, सही कोणाची, शिक्का, मिळणार कधी आणि मध्येच थांबावं लागलं तर केलेल्या तासांचं तरी मिळेल का. कॉलेजचा नमुना सोबत न्यायचा आणि हे असंच द्याल का म्हणून दाखवायचा. सगळं तोंडी झालं की घरी येऊन त्यांना मेल टाकायचा, आज आपलं असं बोलणं झालं म्हणून, आणि त्यावर हो म्हणून उत्तर मागायचं.

ओवी त्यांच्याकडे बघत होती. "आई, मालकाची उत्तरं तुला पाठ आहेत."

"दूध तापत ठेवलंय," असं म्हणून श्यामलाताई उठल्या. दूध अजून पातेल्यात ओतलेलंही नव्हतं.

कोथरूडला ओवीने सगळं विचारलं, अगदी शिकवल्याप्रमाणे. तिथल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "छान. आम्ही कळवू." ओवी दोन दिवस फोन उशाशी घेऊन झोपली. कळवू म्हणजे काय ते श्यामलाताई तिला सांगू शकल्या असत्या, पण सांगितलं नाही.

मग कॉलेजच्या मॅडमनी नऱ्ह्याचं एक नाव दिलं. हिंदुराव म्हणून कोणी होते, त्यांचा मॉड्युलर फर्निचरचा कारखाना. स्वतःच्याच जमिनीवर शेड टाकलेली. ओवी बघून आली आणि पर्स खुंटीला लावायच्या आत सांगायला लागली, "पत्र्याची शेड आहे आई. भुसा उडतोय नुसता. मी बसायच्या आधीच काका सुरू झाले, 'साडेनवाला यायचं, सहाला सुट्टी, रविवार बंद हाय. पगार नाय देत, पण बसचा पास काढून देतो आन दुपारचं जेवान हाय. शिकवायला आमचा सुदर्शन हाय, कटिंगचं ड्रॉइंग त्येच्याकडं शिकायचं. कॉलेजला कसा कागद पायजे तो दाव, तसाच दीन.'"

"मग बरंय की."

"बरं काय? खडकीहून नऱ्हे. स्वारगेटला बस बदलायची, जाऊन-येऊन अर्धा दिवस. आणि पोर्टफोलिओत काय लिहू, हिंदुराव फर्निचर? मैत्रिणी कुठे कुठे लागल्यात." तिने हिंदुरावांना हो किंवा नाही काहीच सांगितलं नव्हतं. 'कळवते' म्हणून आली होती.

दिवस जात होते. सगळे तास परीक्षेआधी भरायचे तर आता आठवडाभरात कुठेतरी सुरुवात व्हायलाच हवी होती. ओवीचं जेवणावरचं लक्ष उडालं. तिचे बाबा फक्त एवढंच म्हणाले की लष्करच्या भाकरी मी एकटा भाजतोय ते पुरे होतं, पोरीला कशाला लावलं. त्या घरात विनोद असेच व्हायचे, कोणी न हसता.

श्यामलाताईंचा चेहरा ऑफिसात लपला नाही. अभय सरांनी विचारलं आणि त्यांनी सांगून टाकलं. सर लगेच म्हणाले, "अहो, मग आपल्याकडे पाठवा की तिला. घरची मुलगी. सोमवारपासून येऊ दे. शनिवारी जरा भेटून जा म्हणावं, फॉर्मॅलिटी म्हणून." ते मनापासूनच म्हणाले होते. माणूस चांगुलपणा करतोय असं त्याला स्वतःला वाटत असलं की त्याला अडवणं फार कठीण जातं. श्यामलाताई 'थँक्यू सर' म्हणाल्या.

घरी सांगितल्यावर ओवी उड्या मारायची बाकी होती. रेखीव काचेचं दार, मासिकांत फोटो आलेले स्टुडिओचे फ्लॅट, शिवाय आई तिथेच. "आणि इथे मला काही विचारायलाच नको," ती म्हणाली. "तू आहेस ना."

श्यामलाताई पोळ्या लाटत होत्या, त्या लाटत राहिल्या. आत्ता सांगून टाकावं असं त्यांना दहादा वाटलं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तुझ्यासारख्या पोरांच्या तोंडाला पानं पुसायचा पगार मी घेते आणि तुझी फी त्यातूनच भरली? शेवटी त्यांनी स्वतःची समजूत घातली, तिच्या बाबतीत सर वेगळं वागतील. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. ही म्हण बहुतेक अशाच एखाद्या बाईने पोळ्या लाटताना केली असावी. रात्री त्यांना नीट झोप लागली नाही.

शनिवारी ओवी आली ती इस्त्रीचा कुर्ता घालून, फाइल छातीशी धरून. जिन्यात तेजस बसला होता. त्याने पाय आखडून तिला वाट करून दिली. तिने "थँक्यू" म्हटलं आणि दार ढकललं. श्यामलाताईंनी आतून ते पाहिलं. अजून दोन महिन्यांनी जिन्यात हीच बसलेली असेल आणि दार किलकिलं करून 'सर बाहेर आहेत' म्हणायला आपणच असू, हे त्यांना अगदी स्वच्छ दिसलं.

सरांनी ओवीची फाइल चाळली, दोन ड्रॉइंग्जचं कौतुक केलं, लहानपणी ती इथे येऊन स्केचपेननी भिंत रंगवायची ती आठवण काढली. मग मागे रेलले, पेनाला टोपण लावलं.

"मग, काही विचारायचंय का?"

"नाही सर," ओवी हसून म्हणाली. "आई आहे ना इथे."

"शाब्बास," सर म्हणाले.

श्यामलाताई नेहमीप्रमाणे बाजूच्या खुर्चीत वही घेऊन बसल्या होत्या. त्यांनी वही मिटली. "आहे तिला विचारायचं," त्या म्हणाल्या. "ओवी, विचार. घरी मला विचारलंस तेच."

ओवीने आईकडे पाहिलं. तिला वाटलं, आईला आपली तयारी सरांना दाखवायची आहे. शाळेत पाहुण्यांसमोर कविता म्हणायला लावतात तसं. ती थोडी लाजली, पण सावरून बसली. "सर, नेहमीच्या दिवशी किती वाजता निघता येईल?"

सरांना गंमत वाटली. त्यांनी हात उलटा करून श्यामलाताईंकडे दाखवलं. "हे सगळं ताईंचं खातं. ताई, सांगा तिला."

गुळगुळीत उत्तर श्यामलाताईंच्या जिभेवर तयार होतं. इतक्या वर्षांची सवय. त्यांनी ते गिळलं.

"यायचं साडेनऊला," त्या म्हणाल्या. "जायची वेळ ठरलेली नाही. आठच्या आधी घरी गेलेला इंटर्न माझ्या पाहण्यात नाही. क्लायंटचं प्रेझेंटेशन असलं की रविवारीही यावं लागतं. परीक्षेला सुट्टी मागितली तर मिळते, पण ती लक्षात ठेवली जाते."

सरांचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातली हवा गेली. ओवीने एकदा सरांकडे आणि एकदा आईकडे पाहिलं. मग फाइलवर बोट ठेवून, जणू पुढचा प्रश्न तिथे लिहिलाय, हळूच म्हणाली, "साइटचा खर्च?"

"आपला आपण. एका मुलाने बिलं जोडून दिली होती, ती माझ्या कपाटात आहेत."

"शिकवणार कोण?"

"आमचे सीनियर डिझायनर रोहन सर चांगलं शिकवतात. पण त्यांच्याकडे एकाच वेळी इतक्या साइट्स असतात की त्यांना स्वतःलाच जेवायला मिळत नाही. पहिला महिनाभर तू नमुने आणशील आणि कॅटलॉग लावशील. पुढचाही बहुतेक."

शेवटचा प्रश्न ओवीने विचारलाच नाही, तिने नुसतं आईकडे पाहिलं. श्यामलाताईंनी त्याचंही उत्तर दिलं. "प्रमाणपत्रात तास लिहीत नाही. 'भेट देऊन अनुभव घेतला' असं लिहितो. ते शब्द माझे आहेत. आणि मध्ये थांबलं तर तेही देत नाही. तू वर येताना जिन्यात ज्या मुलाने पाय आखडले, त्याला आम्ही ते अजून दिलेलं नाही."

मग सरांनी पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. "श्यामलाताई," ते अगदी हळू म्हणाले, "तुम्ही आमच्याकडेच नोकरीला आहात ना?"

"हो सर. म्हणून तर माहीत आहे."

ओवी उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते. पण तिने फाइल नीट बंद केली, सरांना म्हणाली, "सर, हे सगळं थोडं वेगळं ठरलं आणि मेलवर मिळालं, तर मला इथे यायला आवडेल. माझ्या कॉलेजचा नमुना ठेवून जाते." तिने कागद टेबलावर ठेवला.

"छान," सर म्हणाले. "आम्ही कळवू."

ते त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं असावं. ओवीने मान हलवली. या वेळी तिला त्याचा अर्थ कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. दारापाशी ती थांबली आणि बाजूच्या खुर्चीकडे वळून म्हणाली, "थँक्यू, मॅडम." श्यामलाताईंना तिच्या आवाजावरून कळेना की ही रागावलीय की काय.

ती गेल्यावर श्यामलाताईंनी आपल्या जागेवर जाऊन हजेरीचं रजिस्टर काढलं आणि तेजसचं प्रमाणपत्र टाइप केलं. तारखा, तास, वाघोलीची साइट, रोहन सरांचं नाव. लेटरहेडवर प्रिंट काढून त्या सरांसमोर घेऊन गेल्या. सरांनी ते वाचलं. कागद बाजूला सारतील, काहीतरी तिरकस बोलतील, असं त्यांना वाटलं. पण सरांनी सही केली आणि खिडकीकडे बघत म्हणाले, "शिक्का तुमच्याकडेच असतो." चिडले होते की शरमले होते ते त्यांनाच ठाऊक. तेजसने कागद हातात घेऊन उभ्याउभ्या दोनदा वाचला. मग पहिल्यांदाच 'ठीक आहे' न म्हणता निघून गेला.

सहाला श्यामलाताईंनी पर्स उचलली. एरवी शनिवारी त्या सरांच्या आधी निघायच्या नाहीत. खाली ओवी झेरॉक्सच्या दुकानाबाहेर उभी होती. दुपारपासून ती तिथेच कुठेतरी भटकत होती. दोघी मनपाच्या बसथांब्याकडे चालू लागल्या. पाय दुखत होते. थांब्यावर बसायला जागा मिळाली, हेच त्या दिवसातलं काय ते सुख.

"मला आधी का नाही सांगितलंस?" ओवीने विचारलं.

"लाज वाटली," श्यामलाताई म्हणाल्या.

ओवीने फोन काढला आणि हिंदुरावांना लावला. स्पीकरवर करवतीचा आवाज आधी आला आणि मागून त्यांचा. "बोल पोरी."

"काका, मी सोमवारपासून आले तर चालेल का?"

"चालंल की. येताना तो कॉलेजचा कागद आण, पैल्याच दिवशी बघून ठिवू. आन बूट घालून ये, सँडल नको, खाली खिळं असत्यात." फोन बंद झाला. ओवीने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. नऱ्हे तेवढंच लांब होतं, स्वारगेटला बस बदलावीच लागणार होती, पण वर्ष वाचलं होतं.

"मी तुला तिथे मॅडम म्हणाले," ती म्हणाली. "राग आला?"

"नाही. मॅडमच होते मी तेव्हा."

खडकीची बस काही येत नव्हती. न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत म्हणतात. श्यामलाताईंच्या मनात आलं, आपण गहू घेऊन इतकी वर्षं बसलो, आणि दुसऱ्यांचीही तोंडं बंद करत राहिलो.

"आई," ओवी म्हणाली, "तू तिथे लागलीस तेव्हा काय विचारलं होतंस?"

"काही नाही. सर म्हणाले, घरच्यासारखं आहे. मी म्हटलं, बरं."

"सोमवारी तुला काढतील का गं?"

श्यामलाताईंनी पर्समधून बसचा पास काढून हातात धरला. सगळ्या ऑफिसची नेमणुकीची पत्रं त्यांनीच टाइप केली होती, पगारी माणसांची, अगदी ऑफिसबॉयचंही. "काढायचं तर आधी ठेवल्याचं पत्र लागतं," त्या म्हणाल्या. "माझं तेवढं एक टाइप करायचं राहून गेलंय."